जुन्या लॅपटॉपवर फुकटचा व्हिडिओ एडिटर कोणता टाकू? ४ जीबी रॅम, जागा ११ जीबी

थाप_खंजिरीची

नमस्कार मंडळी. तिवसा तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहितो आहे. आमच्या गावात खंजिरी भजनाचं मंडळ आहे आणि माझे आजोबा त्यात पन्नास वर्षांपासून खंजिरी वाजवतात. यंदा राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला जो कार्यक्रम झाला तो मी मोबाईलवर शूट केला. एकूण ४१ मिनिटं, ३ फाईली. त्यातली ३ भजनं वेगळी काढायची, सुरुवातीला मंडळाचं नाव टाकायचं आणि यूट्यूबवर चढवायचं, बस एवढंच काम आहे. एडिटिंगचा अनुभव शून्य.

लॅपटॉप भावाने पॉलिटेक्निकला असताना घेतलेला. इंटेल आय-३, चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. डिस्क ताईच्या लग्नाच्या फोटो-व्हिडिओने भरली आहे आणि त्यातलं काहीही काढायला घरचे तयार नाहीत. C मध्ये ११ जीबी मोकळी होती.

काल ओपनशॉट टाकलं. तिन्ही फाईली कॉपी केल्या, त्या ९.२ जीबीच्या निघाल्या. C वर दोन जीबीसुद्धा उरलं नाही. एडिटरमध्ये फाईल ओढली तर आवाज चालू राहते आणि चित्र पाच-सहा सेकंदांनी एकदा हलते. मग माऊसही अडकला. शेवटी बटण दाबून बंद केला.

तर प्रश्न असा की ओपनशॉट काढून शॉटकट टाकू, केडेनलाइव्ह टाकू की डाविंची? की या लॅपटॉपवर हे होतच नाही?

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, लॅपटॉप नाही तो, बैलबंडी हाय. बंडीले घुंगरं बांधून धावत नसते. आधी वजन उतरव.

शुभमंगल_व्हिडिओ

डाविंची रिझॉल्व्ह. दुसरं नाव घेऊ नका. फुकट आहे, वॉटरमार्क नाही, मोठ्या सिनेमांचं कलरचं काम त्यावर होते. मी लग्नाची सगळी कामं त्यावरच करतो.

सातपुडा

@शुभमंगल_व्हिडिओ, दादा, तुमच्या मशीनमध्ये रॅम किती आणि ग्राफिक कार्ड कोणतं ते पण लिहा ना. रिझॉल्व्ह चांगलं आहे यात वादच नाही. पण त्याची नुसती डाउनलोड फाईलच दोन जीबीच्या वर आहे, आणि ते सगळं काम ग्राफिक कार्डावर टाकते. या पोराच्या लॅपटॉपात वेगळं कार्डच नाही. ४ जीबी रॅमवर ते उघडलं तरी नशीब म्हणायचं.

@थाप_खंजिरीची, एडिटर कोणता ते नंतर पाहू. आधी मला तुझी फाईल कशी आहे ते सांग. व्हीएलसीमध्ये एक फाईल चालू कर आणि `Ctrl+J` दाब. एक खिडकी उघडेल, त्यात Codec, Video resolution आणि Frame rate असे तीन शब्द दिसतील. त्यांच्यासमोर काय आहे ते जसंच्या तसं इथे लिही.

शुभमंगल_व्हिडिओ

रॅम ३२ आहे. कार्ड पण आहे. ठीक आहे, मुद्दा मान्य 😄

कापूसकोंड्या

याला प्रॉक्सी म्हणून सोपा उपाय आहे. शॉटकट टाक, Settings मध्ये जाऊन Proxy चालू कर. एडिटर प्रत्येक फाईलची एक लहान, हलकी नक्कल बनवतो आणि कामापुरती तीच वापरतो. एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाईल घेतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर असंच चालते, मख्खन. बाकी काही करायची गरज नाही.

पन्नाशी_पार

माझ्याकडे १९९८ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे. तीसुद्धा या शॉटकटमध्ये घेता येईल काय? पिन कोणती लागते?

वऱ्हाडी_ठेचा

काका, कॅसेट लॅपटॉपात घुसवू नका बाप्पा. 😂 धागा वेगळा काढा, तिथं सांगतो. व्हीसीआर जिवंत हाय काय ते आधी पाहा.

थाप_खंजिरीची

सातपुडा दादा, हे निघालं:

Codec समोर `MPEG-H Part2/HEVC (H.265)`
Video resolution `3840x2160`
Frame rate `29.97` च्या आसपास, पण तिन्ही फाईलींचा आकडा दशांशानंतर वेगवेगळा आहे.

मी मोबाईलमध्ये मुद्दाम सगळ्यात वरची क्वालिटी ठेवली होती. आजोबांचा कार्यक्रम, परत होणार नाही म्हणून.

सातपुडा

कार्यक्रम वरच्या क्वालिटीत घेतलास हे चुकलं नाही. फक्त त्याचा भार लॅपटॉपवर कसा पडतो ते समजून घे, मग पुढचं सगळं आपोआप समजेल.

तू फोर-के मध्ये शूट केलं. फुल एचडीपेक्षा त्यात प्रत्येक चित्रात चौपट ठिपके असतात. त्यावर मोबाईलने ते एचईव्हीसीमध्ये दाबून भरलं. एचईव्हीसीने जागा वाचते, पण ती दाबलेली गाठोडी सोडायला मेहनत लागते. इंटेलच्या सहाव्या जनरेशनपासून चिपमध्येच ती गाठ सोडायची सोय आहे. तुझ्या चौथ्या जनरेशनमध्ये ती पुरती नाही, म्हणून सगळा बोजा प्रोसेसरवर येतो. सेकंदाला ३० चित्रं सोडायची आहेत आणि त्याला जेमतेम आठ-दहा सुटतात. आवाज हलका असतो म्हणून तो चालू राहते आणि चित्र अडकते. तू लिहिलेलं लक्षण अगदी हेच आहे. ओपनशॉटऐवजी कोणताही एडिटर टाकला असता तरी हेच झालं असतं.

दुसरी गोष्ट जागेची. C वर दोन जीबीपेक्षा कमी उरलं की विंडोजचाच श्वास कोंडतो. रॅम ४ जीबी, ती भरली की विंडोज डिस्कवर जागा मागते, आणि तिथे जागाच नाही. माऊस अडकला तो त्यामुळे.

म्हणून कापूसकोंड्या भाऊचा प्रॉक्सीचा उपाय अर्धाच लागू पडते. एडिटिंग मख्खन होईल हे खरं. पण प्रॉक्सी बनवली तरी मूळ ९.२ जीबी डिस्कवरच राहावे लागतात, प्रॉक्सीची जागा वरून, आणि एक्सपोर्टच्या वेळी एडिटर परत त्याच जड फाईलीला हात घालते. ज्याच्याजवळ जागा आहे आणि फक्त मशीन हळू आहे त्याच्यासाठी प्रॉक्सी. याच्याजवळ दोन्ही नाही.

कापूसकोंड्या

मान्य. माझ्या लॅपटॉपला एक टीबीची डिस्क आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण मग शॉटकटमध्ये Preview Scaling आहे ना? ३६० वर ठेवलं की झालं. त्याला जागा लागत नाही.

सातपुडा

जागा लागत नाही हे बरोबर. पण त्याने दाखवायचं चित्र लहान होते, फाईल सोडायची मेहनत तेवढीच राहते. आधी फोर-केचं पूर्ण चित्र सोडायचं, मग लहान करून दाखवायचं. म्हणजे फाईल हलकी असेल आणि वर फिल्टर, अक्षरं टाकली असतील तर Preview Scaling कामाचं. जड एचईव्हीसीवर फारसा फरक पडत नाही.

शेतशिवार_९२

एवढं कायले करता? मोबाईलमध्येच एडिट करा. मोबाईलची चिप या लॅपटॉपपेक्षा ताकदीची असते, त्याच मोबाईलने तर फोर-के शूट केलं. मी शेतातले व्हिडिओ बांधावर बसून कापतो, घरी येईपर्यंत चढलेले असतात.

थाप_खंजिरीची

भाऊ, मोबाईल आईचा आहे. दिवसभर तिच्याकडे असते आणि ६४ जीबीतले ५-६ जीबीच मोकळे आहेत. फुकटच्या अॅपमध्ये कोपऱ्यात अॅपचं नाव येते, आजोबांच्या डोक्यावर ते नको वाटते. आणि खरं सांगू, मला लॅपटॉपवर शिकायचं पण आहे.

गुरुजी_दारव्ह्याचे

मी शाळेच्या कार्यक्रमांचे छोटे व्हिडिओ क्लिपचॅम्पवर करतो. मायक्रोसॉफ्टचं आहे, ब्राउझरमध्ये चालतं, फुकटात फुल एचडीपर्यंत देतं आणि वॉटरमार्क येत नाही. दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओला उत्तम. मात्र इंटरनेट लागतं, आणि दहा मिनिटांच्या वर गेलं की माझाही संगणक धापा टाकतो. या मुलाच्या मशीनवर ब्राउझरच दीड-दोन जीबी रॅम खाईल. तरी नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहिलं.

एक सूचना मात्र सर्वांना. जुनं विंडोज मूव्ही मेकर शोधायला जाऊ नका. मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं. आता त्या नावाने जे मिळतं त्यात पैसे मागणारे नकली प्रकार आहेत. आमच्या एका सहकाऱ्याने टाकलं होतं. व्हिडिओ पूर्ण झाल्यावर सेव्ह करायला गेले तर पैसे मागितले.

मृण्मयी_पुणे

लिनक्स मिंट टाकून केडेनलाइव्ह वापरून पाहा असं सुचवेन. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, त्यामुळे तसाही कधीतरी विचार करावा लागणारच. ४ जीबी रॅमवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती विंडोजपेक्षा बरीच हलकी चालते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट दोन्ही आतून एकाच इंजिनावर, एमएलटीवर, चालतात, पण केडेनलाइव्हमध्ये पुढे शिकायला जास्त वाव आहे.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, पोरगं तीन भजनं कापून राह्यलं, तुम्ही त्याले घर बदलायला सांगून राह्यल्या. लग्नाचे फोटो उडाले तं त्याची बहीण सासरहून येऊन बदडन त्याले.

मृण्मयी_पुणे

हाहा, तेही खरंच. बॅकअपशिवाय करू नकोस रे बाबा. पण फोटोंची एकच प्रत, तीही इतक्या जुन्या डिस्कवर, हे मला व्हिडिओपेक्षा जास्त काळजीचं वाटतंय.

सातपुडा

मृण्मयीताईंचा शेवटचा मुद्दा मनावर घे, पण आज नाही. आज भजनं.

मी सांगतो तो मार्ग असा. एडिटरमध्ये जायच्या आधी फाईल कापायची, मग हलकी करायची. एडिटरसमोर फक्त हलकी फाईल ठेवायची.

आधी लॅपटॉपवरच्या तीनपैकी दोन फाईली काढून टाक. मोबाईलमध्ये मूळ आहेत ना, ते मात्र पक्कं पाहा, उघडून पाहा. एका वेळी एकच फाईल लॅपटॉपवर ठेवायची. डेटा केबलनेच आण, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवशील तर तो चिरडून टाकते.

कापायला लॉसलेसकट घे. गिटहबवर फुकट आहे, मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये त्याचेच पैसे मागतात, गोंधळू नको. शॉटकटचंही तसंच आहे, shotcut.org वरून घेतलं तर फुकट. लॉसलेसकटमध्ये फाईल उघड, भजन सुरू होते तिथे `I` दाब, संपते तिथे `O`, मग `E`. ते व्हिडिओ परत बनवत नाही, फक्त तुकडा उचलून वेगळा ठेवते. म्हणून या लॅपटॉपवरही अर्ध्या-एक मिनिटात होते आणि क्वालिटी तसूभर कमी होत नाही. चित्र अडकत दिसलं तरी घाबरू नको, आवाजावरून जागा शोध. एकच लक्षात ठेव, ते हव्या त्या क्षणी नेमकं कापत नाही. व्हिडिओत मधूनमधून पूर्ण चित्रं असतात, तिथूनच कापते. म्हणून दोन्हीकडे चार-पाच सेकंद जास्तीचे ठेव. नेमकी कात्री शॉटकटमध्ये लाव.

तुझ्या हिशोबाने ९.२ जीबीला ४१ मिनिटं, म्हणजे मिनिटाला सव्वादोनशे एमबीच्या जवळ. तीन भजनं मिळून अकरा-बारा मिनिटं असतील तर अडीच-पावणेतीन जीबी. तुकडा निघाला, चालवून पाहिला, की ती लॅपटॉपवरची मोठी फाईल काढून टाक आणि पुढची आण.

मग हँडब्रेक. हेही फुकट. टाकताना ते आधी मायक्रोसॉफ्टचं .NET Desktop Runtime मागेल, ते द्यावं लागते. त्यात तुकडा उघड, Preset मध्ये `Fast 720p30` निवड. आता महत्त्वाचं, Video टॅबमध्ये जाऊन `Constant Framerate` वर टिंब लाव. तिथे आधीपासून दुसरं निवडलेलं असते. मग Start आणि जेवायला जा. तुझ्या प्रोसेसरला बारा मिनिटांसाठी पाऊण तास तरी लागेल. फाईल चारशे एमबीच्या आसपास येईल आणि ती एच-२६४ मध्ये असेल, जी तुझा लॅपटॉप आरामात चालवते.

शेवटी शॉटकट. त्या हलक्या फाईलींवर. तिथे Preview Scaling ३६० वर ठेवलंस तर आता त्याचा उपयोग होईल.

शुभमंगल_व्हिडिओ

७२० कायले? आजोबांचं काम आहे, निदान १०८० तरी ठेवा. यूट्यूब पण १०८० ला जास्त बरं दाखवते.

सातपुडा

१०८० ला हँडब्रेकचा वेळ आणि जागा दोन्ही वाढेल, एक्सपोर्टही लांबेल. गावातले लोक मोबाईलवर पाहणार. मूळ फोर-के जपून ठेवलं तर उद्या चांगल्या मशीनवर परत करता येते. पण हा मतभेदाचा मुद्दा आहे, चूक-बरोबरचा नाही.

लिनक्सची_वारी

हँडब्रेकपेक्षा एफएफएमपेग. एका ओळीत काम:

```
ffmpeg -i bhajan1.mp4 -vf scale=-2:720 -r 30 -c:v libx264 -crf 20 -preset veryfast -c:a aac -b:a 192k bhajan1_720.mp4
```

वऱ्हाडी_ठेचा

हा मंत्र किती वेळा जपायचा महाराज? अन् प्रसाद कोणता?

लिनक्सची_वारी

एकदाच 😀 प्रसाद म्हणून `bhajan1_720.mp4` मिळते. मधल्या `-crf` चा आकडा वाढवला की फाईल लहान आणि चित्र थोडं पातळ होते, कमी केला की उलट. एवढाच खेळ आहे.

शेतशिवार_९२

सगळ्यात मोठी गोष्ट कोणी सांगितलीच नाही. लाईन! माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती. दीड तास एक्सपोर्ट चाललं, नव्वद टक्के झालं आणि लाईन गेली. फाईल तिथेच होती, ३०० एमबीची दिसत होती, पण कशातच उघडेना. तेव्हापासून लॅपटॉपवर एडिटिंग सोडलं ते सोडलंच.

सातपुडा

हे मी विसरलो होतो, बरं झालं लिहिलं. एमपी-४ फाईलचा पत्ता, म्हणजे कोणतं चित्र कुठे ठेवलं त्याची यादी, बहुतेक वेळा अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच बंद पडलं तर माल आहे पण यादी नाही, म्हणून कोणताच प्लेअर ती उघडत नाही.

उपाय दोन आहेत. तीन भजनांची तीन वेगळी एक्सपोर्ट कर, म्हणजे गेलं तर एकच जाईल. यूट्यूबवरही तीन वेगळे व्हिडिओच बरे. आणि हँडब्रेकमध्ये Format ला MKV ठेव. एमकेव्ही अर्धवट राहिली तरी झाली तिथपर्यंत बहुधा चालते.

कापूसकोंड्या

बॅटरी मेली असेल तर रात्री साडेअकरानंतर लाव. आमच्या फीडरवर तेव्हा लाईन टिकते. (आमच्या. तुमच्याकडचं तुम्ही पाहा.)

थाप_खंजिरीची

मंडळी, चार दिवसांनी आलो. सांगतो कसं झालं.

दोन फाईली काढल्या तेव्हा C परत मोकळा झाला आणि लॅपटॉपच वेगळा वाटायला लागला. लॉसलेसकटमध्ये पहिलं भजन कापलं, खरंच अर्धा मिनिट लागला. माझा विश्वासच बसेना, वाटलं काही झालंच नाही. तीन तुकडे मिळून साडेअकरा मिनिटं, २.६ जीबी. हँडब्रेकला रात्री लावलं. तिन्ही मिळून ५० मिनिटं लागली, फाईली ३९० एमबीच्या झाल्या. शॉटकटमध्ये चित्र एकदम सरळ चाललं.

मंडळाचं नाव टाकताना एक घोळ झाला. बाजूच्या डीटीपीवाल्या काकांकडून नाव टाईप करून आणलं होतं. ते शॉटकटमध्ये टाकलं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली. त्यांचा जुना फॉन्ट होता. मग मोबाईलवर मराठीत टाईप करून स्वतःलाच पाठवलं आणि फॉन्ट मुक्ता घेतला, जोडाक्षरंसुद्धा नीट आली.

एक्सपोर्ट करून आजोबांना दाखवलं. पहिली दोन भजनं पाहून खूश. तिसरं सुरू झालं, पाच मिनिटांचं आहे, आणि शेवटी शेवटी ते म्हणाले, "थाप आधी ऐकू येते, हात मागून पडते. हा मी नाही वाजवत." मी परत परत पाहिलं. सुरुवातीला बरोबर आहे, शेवटी खरंच मागेपुढे होते. अगदी थोडं. पण त्यांना दिसलं ते दिसलं.

वऱ्हाडी_ठेचा

पन्नास वर्षं खंजिरी वाजवलेल्या माणसाले फसवता येते काय? 😄 आजोबाले दंडवत सांग.

सातपुडा

आजोबांनी अचूक पकडलं. तिसऱ्या भजनाला हँडब्रेकमध्ये `Constant Framerate` लावायचं राहिलं काय ते आठव.

मोबाईल सेकंदाला नेमकी ३० चित्रं घेत नाही. उजेड कमी झाला, फोन गरम झाला, की कधी २९, कधी २७ घेते. म्हणून तुला Frame rate चे दशांशातले आकडे वेगवेगळे दिसले. प्लेअरला ते चालते, कारण प्रत्येक चित्रासोबत वेळ लिहिलेली असते. एडिटर मात्र सारख्या अंतराच्या पट्टीवर काम करते, तिथे ते बसत नाही आणि फरक थोडा थोडा साचत जाते. म्हणून सुरुवात बरोबर आणि शेवट बिघडलेला. दोन मिनिटांच्या भजनात लक्षातही येत नाही, पाच मिनिटांच्यात दिसते.

फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असता तर कारण दुसरं असतं. बहुतेक वेळा ब्लूटूथच्या स्पीकरमुळे आवाज उशिरा येते आणि व्हिडिओत काहीच चूक नसते. म्हणून दाखवताना एकदा लॅपटॉपच्याच स्पीकरवर वाजवून पाहावं.

थाप_खंजिरीची

बरोबर पकडलं दादा. तिसरं रात्री एक वाजता लावलं होतं, झोपेत होतो, टिंब लावायचं राहिलं. २.६ जीबीतला तो तुकडा अजून ठेवला आहे, परत करतो.

कापूसकोंड्या

शॉटकटमध्ये अशी फाईल टाकली की तो स्वतःच विचारतो, convert करू काय म्हणून. तिथे हो म्हटलं असतं तर हँडब्रेकचा वळसा वाचला असता.

सातपुडा

विचारते, आणि ते कामही चांगलं करते. पण त्या खिडकीत एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की क्वालिटी सर्वोत्तम, आणि फाईल मूळच्या कितीतरी पट. नवीन माणूस "सर्वोत्तम" पाहून तिकडेच सरकवते आणि डिस्क भरते. या पोराने डावीकडेच ठेवली असती तर चाललं असतं. पण चित्राचा आकार लहान करायचं काम मला त्याच फेरीत हवं होतं, म्हणून हँडब्रेक सांगितलं.

थाप_खंजिरीची

तो प्रश्न आला होता. मी No दाबलं. मला वाटलं काहीतरी विकत घ्यायला सांगते आहे. 🙈

गुरुजी_दारव्ह्याचे

हे मात्र आमच्या शाळेत सगळेच करतात. इंग्रजीत खिडकी आली की वाचायचं नाही, नो.

मृण्मयी_पुणे

आणि मूळ फोर-के कुठे ठेवणार आहेस? आईच्या मोबाईलमध्ये ५ जीबी शिल्लक म्हणालास. पुढच्या कार्यक्रमाला तिथलं काहीतरी उडवावंच लागेल.

थाप_खंजिरीची

३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणला आहे. मोठी फाईल ३.६ जीबीची आहे, ती गेली त्यात.

लिनक्सची_वारी

३.६ म्हणून गेली. पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाईल त्यात जातच नाही, जागा रिकामी असली तरी. पुढच्या वेळी सलग शूट करशील तर आधी तो रिकामा असतानाच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घे. आणि फक्त पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नको.

शुभमंगल_व्हिडिओ

पुढच्या वेळी मोबाईलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये १०८० आणि एच-२६४ ठेवून पाहा. मोबाईलवर ते High efficiency video असं काहीतरी लिहिलेलं असते, ते बंद करायचं. मग कापलं की सरळ शॉटकटमध्ये.

सातपुडा

तरी फ्रेमरेटचा मुद्दा राहतेच. शॉटकट विचारेल तेव्हा या वेळी हो म्हण, पट्टी डावीकडे. बाकी शुभमंगल दादांशी सहमत. फुल एचडीला मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जाते, आताच्या जवळपास निम्मं.

थाप_खंजिरीची

तिसरं परत केलं. टिंब लावून. आजोबांना लॅपटॉपच्या स्पीकरवर दाखवलं. पूर्ण पाच मिनिटं मान खाली घालून ऐकलं, मग म्हणाले, "आता मी आहे." काल रात्री तिन्ही चढवले, ३१० एमबी झाले, दीड जीबीच्या पॅकमध्ये बसले.

आता मंडळातले बाकीचे म्हणतात, आमचा चेहरा अंधारात आहे, तो उजळ करून दे. ते शॉटकटमध्ये होते काय?

वऱ्हाडी_ठेचा

होते. पण आधी विचार, कोणाचा चेहरा. सगळ्यांचाच उजळ केला तं रात्रीची दिवाळी होईन.

पन्नाशी_पार

माझा व्हीसीआर जिवंत आहे. धागा काढला आहे. पिन तीन रंगांची आहे, पिवळी, पांढरी, लाल. कोणी येता काय तिकडे?